अंदाज करावा, पण हिशेबानं!

आमच्या सोलापुरातल्या मुली राज्यसेवा पूर्वपरीक्षेआधी हमखास विचारतात, "काकू, येत नाही ते सोडून द्यायचं का?" त्याचा हिशेब असा. सामान्य अध्ययनात बरोबर उत्तराला 2 गुण, चुकलं तर पाव हिस्सा, म्हणजे अर्धा गुण वजा. चारपैकी दोन पर्याय खात्रीनं खोडता आले, तर अशा 10 प्रश्नांत सरासरी 5 बरोबर येतात. दहा मिळतात, अडीच जातात, साडेसात उरतात. अगदी दोनच बरोबर आली, तरी तोटा नाही. मग आपल्या प्रवर्गाचे मागचे कट-ऑफ काढा. खात्रीचे गुण त्याच्या बरेच वर असतील, तर आंधळे अंदाज कशाला? खाली असतील, तर दोन पर्याय उरलेले प्रश्न सोडू नका. कट-ऑफ मात्र दरवर्षी हलतो, म्हणून चार-पाच गुण जादाच धरा.