‘शिवाय’मधला शेवटचा ‘य’

श्रावणी सोमवारी आमच्या गल्लीतल्या देवळात आम्ही सात-आठ जणी माळ घेऊन बसतो. मंत्र साधाच, ‘ॐ नमः शिवाय’. पण नीट कान देऊन ऐकलं, तर दोन जागी हमखास गडबड होते.

पहिली जागा शेवटच्या ‘य’ची. मराठीत शब्दाच्या शेवटचा अकार आपण गिळतो. ‘साखरेशिवाय चहा’ म्हणताना तोंडातून ‘शिवाय्’ असंच निघतं. मंत्रातल्या ‘शिवाय’चा अर्थ मात्र ‘शिवाला’, आणि संस्कृतात तो ‘य’ पूर्ण ऐकू यायला हवा. पूर्ण म्हणजे लांब नव्हे हं! ‘शिवाया’ झालं की तेही चुकलंच. ‘वा’ लांब, ‘य’ आखूड.

दुसरी जागा विसर्गाची. कुणी ‘नम शिवाय’ म्हणतं, कुणी ‘नमहा शिवाय’. विसर्ग म्हणजे ‘म’नंतर सुटणारा हलकासा श्वास. तोंडासमोर तळहात धरून बघा. हवेची झुळूक लागली पाहिजे, पण ‘हा’ असं वेगळं अक्षर ऐकू येता कामा नये. पुढे ‘श’ असल्यामुळे ‘नमश्शिवाय’ असंही म्हणता येतं. दोन्ही उच्चार शुद्धच.

आता श्वास. शेजारच्या काकू कौतुकानं सांगायच्या, “अगं, माझे एका दमात आठ होतात!” मी शेजारी बसून ऐकलं. पहिले चार-पाच स्वच्छ, मग आवाज बारीक होत गेला आणि आठव्याला नुसतं ‘नम शिवा’ उरलं. अक्षरं आधी संपली होती, मणी मात्र पुढे सरकत होते. म्हटलं, “काकू, एका श्वासात तीनच म्हणून बघा.”

हिशेब सोपा आहे. तीन मंत्रांना साधारण सात सेकंद, मग तोंड मिटून नाकानं सावकाश श्वास घ्यायला तीन. 108 मणी म्हणजे 36 श्वास, माळ सहा मिनिटांत पुरी. मिनिटाला सहा श्वास झाले. गंमत म्हणजे इटलीतल्या संशोधकांनी 2001 साली ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे’सारखा मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला, तेव्हा दोन्हींत तो मिनिटाला सहाच्या आसपासच आला!

श्वास मात्र ओढूनताणून भरायचा नाही. डोकं हलकं वाटलं तर थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या. तीन जमत नसतील तर दोनच म्हणा, 54 श्वासांत माळ होईल. मंत्राच्या मध्ये श्वास तोडू नका, तो दोन मंत्रांच्या फटीतच घ्या.

काकूंना मी एकच खूण सांगितली. शेवटचा ‘य’ आपल्या कानाला ऐकू आला की मगच मधल्या बोटावरचा मणी अंगठ्यानं ओढायचा. मेरुमणी आला की तो न ओलांडता माळ उलटी फिरवायची. आता काकूंची माळ तीनाऐवजी सहा मिनिटं चालते, आणि 108वा मंत्रही पहिल्याइतकाच स्वच्छ ऐकू येतो.