चंदन जाळू नका, तापवा

ध्यानाला बसताना उदबत्ती लावायची आणि पाच मिनिटांत खोकत खिडकी उघडायची, हे बऱ्याच घरांत चालतं. यात चंदनाचा दोष फारसा नसतो. नेहमीच्या उदबत्तीत बांबूची काडी, कोळशाची भुकटी आणि चिकटपणासाठी जिगट असते. सुगंध बहुधा वरून लावलेला असतो. म्हणजे आपण हुंगतो त्यातला मोठा वाटा काडी आणि कोळसा जळल्याचा. वेष्टणावर ‘नैसर्गिक’ छापल्याने तो कमी होत नाही.

खऱ्या चंदनाचा वास खोडाच्या गाभ्यातल्या तेलाचा. हे तेल जड, सावकाश उडणारं. त्याला ज्वाळा लागत नाही, नुसती ऊब पुरते. जपानी लोकांनी ‘कोदो’ या सुगंधकलेत नेमकं हेच साधलं आहे. एका वाडग्यात चाळलेली बारीक राख भरतात. पूर्ण फुललेला छोटा निखारा तिच्यात पुरून वरून राखेचा ढीग करतात आणि उष्णता वर यावी म्हणून टोकातून काडीने एक भोक पाडतात. त्यावर अभ्रकाची पातळ चकती आणि चकतीवर सुगंधी लाकडाची कपची. घरी चंदनाची तांदळाच्या दाण्याएवढी कपचीही भरपूर होते.

मिनिटा-दोन मिनिटांत वास येऊ लागतो, धूर दिसत नाही. दिसलाच तर निखारा फार जवळ आहे असं समजून चकती उचलावी आणि राख वाढवावी. कपचीच्या कडा काळ्या पडून करपट वास आला की तिचं काम संपलं. मात्र झटपट पेटणाऱ्या गोल वड्या इथे नकोत. त्यांच्यातल्या पेटवण्याच्या मसाल्याचा वास चंदनावर मात करतो.

दहा-पंधरा मिनिटांनी वास येईनासा होईल. तो संपलेला नसतो, नाक सरावलेलं असतं. लगेच दुसरी कपची टाकायची घाई करू नये. दोन मिनिटं बाहेर जाऊन आलात की खरं काय ते कळतं.

चंदनाच्या नावाखाली पांढरं लाकूड अत्तरात बुडवून सर्रास विकलं जातं. तुकडा लांबूनच घमघमत असेल तर संशय घ्यावा. थोडं तासून पाहा: नकली तुकडा आतून बिनवासाचा निघतो, अस्सल गाभ्याचा वास तासल्यावर खुलतो.

निखारा म्हटला की धूर नसला तरी कार्बन मोनॉक्साइड आलाच, तेव्हा खिडकी उघडी हवी. घरात दमेकरी किंवा तान्हं बाळ असेल तर निखारा नकोच. देवघरातली सहाण काढा, चार थेंब पाणी टाका आणि खोड सावकाश गोल फिरवत उगाळा. दाटसर गंध झालं की मनगटाला लावा नि बसा. नंतर खोड पुसून वाऱ्यावर वाळवा, ओलं ठेवलं तर बुरशी धरतं. रोजच्या ध्यानाला माझ्या मते एवढं पुरेसं आहे.