स्मरणिकेसाठी डिझायनर हवा आहे

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका काढायचं ठरलं, की समितीतलं कोणीतरी ओळखीच्यांना लिहितं, ‘चांगला डिझायनर हवा, खर्च किती येईल?’ एकाकडून उत्तर येतं पाच हजार, दुसऱ्याकडून तीस. दोघांनी वेगवेगळं काम गृहीत धरलेलं असतं, त्यामुळे या आकड्यांची तुलनाच होत नाही. खरं तर निरोप असा हवा:

‘शाळेच्या स्मरणिकेची मांडणी करून हवी आहे. आकार ए-फोर, आतली ६४ पानं एकरंगी, मुखपृष्ठाची ४ रंगीत. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून, तपासून देऊ. फोटो सुमारे ८०, जाहिराती २०. त्यांतल्या १० तुम्हाला तयार कराव्या लागतील. मजकूर १ डिसेंबरला मिळेल, छपाईची पीडीएफ ५ जानेवारीला हवी. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरून २५,००० रुपये. निम्मे आधी, निम्मे फाइल मिळाल्यावर. पूर्वी केलेल्या मराठी अंकाचे किंवा पुस्तकाचे नमुने पाठवावेत.’

पानांचा आकडा सहज लिहिलेला नाही. छापखान्यात मोठ्या कागदावर आठ किंवा सोळा पानं एकत्र छापून घडी घालतात, म्हणून ६४ बसतात. ६६ झाली की दोन पानांसाठी वेगळा खर्च.

मुदत पाळताना सर्वांत जास्त घोळ जाहिरातींचा होतो. देणगीदार शेवटच्या आठवड्यात होकार देतो आणि बांधलेली पानं पुन्हा उसवावी लागतात. त्यामुळे आपण मजकूर कधी देणार ही तारीखही निरोपात हवीच. आपल्याला उशीर झाला, तर डिझायनरची मुदतही तेवढी पुढे सरकते, हे मान्य करावं. फेऱ्यांची संख्या ठरलेली नसली, की ‘एवढंच जरा बदला’ महिनाभर चालतं.

नमुना मराठीतलाच मागावा. इंग्रजी ब्रोशर देखणं करणाऱ्याच्या हातून जोडाक्षरं तुटू शकतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊ शकतो. पीडीएफ मोठी करून ‘र्‍हास’, ‘वाङ्मय’, ‘विद्यार्थी’ असे शब्द पाहिले, की चटकन कळतं. मात्र आपल्याच मुखपृष्ठाचा नमुना फुकट मागू नये. ते कामच आहे. चाचणी हवी असेल तर तिचे पैसे द्यावेत.

एक ओळ बहुतेक निरोपांत राहून जाते: हक्क आणि मूळ फाइल कोणाची? स्वतंत्रपणे काम करणाऱ्याच्या मांडणीचा कॉपीराइट नुसतं मानधन दिल्याने सहसा आपल्याकडे येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते ५ वर्षांपुरतं धरलं जातं. मूळ फाइलही मागितली तरच मिळेल असं धरून चालावं आणि तिची किंमत त्या २५,००० मध्ये आहे की वेगळी, हे पहिल्याच निरोपात विचारावं.