आराखड्यापुरती एआयची मदत : मार्गदर्शकांना काय कळवावे?

शोधप्रबंध सादर करताना विद्यार्थ्याला लिहून द्यावे लागते की काम त्याचे स्वतःचे आहे आणि त्यात वाङ्मयचौर्य नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार मार्गदर्शकालाही तसे प्रमाणपत्र द्यावे लागते. चॅटजीपीटी खुले झाले २०२२च्या नोव्हेंबरअखेर, त्यामुळे या विनियमांत त्याचा उल्लेख नाही. म्हणूनच प्रकरणाच्या आराखड्यापुरती एआयची मदत घेतलेला विद्यार्थी मार्गदर्शकांना ईमेल करून विचारतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणावर काम करणाऱ्या विद्यार्थिनीची ईमेल अशी असू शकेल :

‘आदरणीय सर, तिसऱ्या प्रकरणाचा मसुदा सोबत जोडला आहे. आराखडा करताना मी चॅटजीपीटीला माझ्या टिपणांतले मुद्दे देऊन ते कोणत्या क्रमाने मांडावेत, एवढेच विचारले. दोन उपशीर्षके तिथून घेतली. साखरशाळांचा भाग स्थलांतराच्या आधी आणण्याची कल्पनाही तिथलीच. मजकूर माझा आहे. मुलाखती किंवा कोणाची नावे त्यात टाकलेली नाहीत. सगळी प्रश्नोत्तरे जपून ठेवली आहेत. प्रबंधात याची नोंद करावी लागेल का? लागल्यास कुठे?’

या ईमेलमधले सर्वांत मोलाचे वाक्य साखरशाळांचे आहे. ‘थोडी मदत घेतली’ एवढ्यावरून मार्गदर्शकांना काहीच ठरवता येत नाही. मुद्द्यांचा क्रम बदलला की युक्तिवादही बदलू शकतो, आणि इथे तो कुठे बदलला हे नेमके कळते. साम्य तपासणारे सॉफ्टवेअर हे दाखवू शकत नाही, कारण ते मजकुराशी मजकूर ताडून पाहते. विनियमांतली दहा टक्क्यांची मर्यादाही अशा साम्याचीच आहे. उसना आराखडा स्वतःच्या शब्दांत भरला तर अहवाल स्वच्छ येतो. मुलाखतींबद्दलचे वाक्यही आवश्यक आहे. कामगारांनी संमती दिली ती संशोधकाला, बाहेरच्या कंपनीच्या यंत्रणेला नव्हे.

उत्तर देताना मार्गदर्शकांनी आधी विद्यापीठाचा आणि विभागाचा नियम पाहायचा. तिथे अशा मदतीला मनाई असेल, तर आराखडा मूळ टिपणांवरून पुन्हा करणे भाग आहे. नियमच नसेल तर संशोधन-नियतकालिकांची रीत उपयोगी पडते. प्रकाशन-नीतीची ‘कोप’ ही संस्था २०२३पासून सांगते की एआय साधन लेखक ठरू शकत नाही आणि त्याचा वापर लेखकांनी उघड करावा. एल्सेव्हियरसारखे प्रकाशक शुद्धलेखन आणि व्याकरणाच्या साध्या तपासणीला यातून सूट देतात. आराखडा त्या सुटीत सहज बसत नाही, तेव्हा नोंद करणेच बरे.

नोंद दोन वाक्यांची पुरते. ती संशोधनपद्धतीच्या प्रकरणात द्यावी : ‘तिसऱ्या प्रकरणातील मुद्द्यांचा क्रम ठरवताना चॅटजीपीटीच्या सूचना विचारात घेतल्या. लेखन, संदर्भ आणि निष्कर्ष संशोधकाचे आहेत.’ साधनाची आवृत्ती आणि वापराचा महिनाही त्यात लिहावा. मार्गदर्शकांचा होकार तोंडी न घेता ईमेलवरच घ्यावा आणि तो प्रश्नोत्तरांसोबत जपून ठेवावा, कारण प्रमाणपत्रावर सही त्यांचीही असते.