चूर्णाची सवय कुणाला लागते, आतड्याला की आपल्याला?

माझी आत्या 66 वर्षांची आहे. रात्री झोपण्याआधी कोमट पाण्यातून चूर्णाचा एक चमचा घ्यायची. वर्षभरात एकाचे दोन झाले आणि दोनाचे तीन. मी औषधाच्या दुकानात उभा राहणारा माणूस. मी विचारलं, तर म्हणाली, "अरे, ते आयुर्वेदिक आहे. तुझ्या गोळ्यांसारखं नाही." मी डबी उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचला. घटकांत पहिलं नाव सनाय, म्हणजे आपली सोनामुखी.

गैरसमज : चूर्ण म्हणजे सौम्य, गोळी म्हणजे कडक.

सोनामुखीतली द्रव्यं मोठ्या आतड्यापर्यंत जवळजवळ जशीच्या तशी पोहोचतात. तिथले जिवाणू त्यांचं रूपांतर करतात, आणि मग ती आतड्याच्या भिंतीला जोराने आवळायला लावतात, पाणीही आत सोडायला लावतात. बिसाकोडिलची गोळी थोड्याफार फरकाने हेच करते. रात्री घेतलेल्या दोन्ही औषधांचा परिणाम सहा ते बारा तासांनी, म्हणजे सकाळी दिसतो, आणि दोन्हींमुळे पोटात मुरडा येऊ शकतो. ही उत्तेजक रेचकं. आतड्याला ती गोळी वाटते की झाडाची पानं, याने काही फरक पडत नाही. उलट गोळीत नेमकी किती मिलिग्रॅम मात्रा आहे ते ठाऊक असतं. चूर्णाच्या चमच्यात किती सोनामुखी आली, हे बहुतेक वेळा सांगता येत नाही.

रेचकांचे उरलेले दोन प्रकार वेगळ्या वाटेने जातात. इसबगोल पाणी शोषून फुगतं आणि मळाला मऊपणा आणि आकार देतं. पॉलिएथिलिन ग्लायकॉल (दुकानात 'पेग'ची पावडर म्हणतात), लॅक्टुलोजचं गोड सिरप आणि मिल्क ऑफ मॅग्नेशिया आतड्यात पाणी धरून ठेवतात. त्यांना परासरणी रेचकं म्हणतात. आतड्याला ढोसायचं काम या दोन्ही प्रकारांत मुख्य नसतं.

गैरसमज : चूर्ण बंद केलं की पोट साफ होत नाही, म्हणजे आतडं आळशी झालं.

आत्याची खरी अडचण इथे होती, आणि तिच्यासारख्या निम्म्या गिऱ्हाइकांचीही इथेच असते. एरवी आपण शौचाला जातो तेव्हा मोठ्या आतड्याचा शेवटचा भागच रिकामा होतो. उत्तेजक रेचकाने त्याहून बराच वरचा भाग झटक्यात धुऊन निघतो. मग तो पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागणार. दुसऱ्या दिवशी कळ येत नाही, कारण बाहेर पडायला काही उरलेलंच नसतं. पण घाबरून माणूस रात्री पुन्हा चमचा घेतो, जे थोडंफार जमलं होतं तेही निघून जातं, आणि चक्र चालू राहतं. शिवाय रोज सकाळी पोट साफ झालंच पाहिजे, हा हट्ट आपल्या घरांत लहानपणापासून शिकवला जातो. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यात काहीही चालतं. मात्र मळ खड्यासारखा नसावा आणि कुंथावं लागू नये.

रेचकांनी आतड्याचे मज्जातंतू कायमचे मरतात, ही भीती 1940च्या दशकातल्या क्ष-किरण निरीक्षणांपासून चालत आली आहे. नेहमीच्या मात्रेत आजची उत्तेजक रेचकं असं करतात याला ठोस पुरावा मिळालेला नाही. सोनामुखी अनेक महिने घेतली तर दुर्बिणीतून तपासताना आतड्याचं अस्तर तपकिरी-काळसर दिसतं. ते पाहून रुग्ण हादरतो, पण तो रंग म्हणजे कर्करोग नव्हे. औषध थांबवलं की तो काही महिन्यांत फिका पडतो.

मग उत्तेजक रेचकं रोज घ्यायला हरकत नाही का? आत्याचंच पुढे सांगतो. तीन चमच्यांमुळे तिला रोज दोन-तीनदा पातळ शौचाला होत होतं, आणि त्याला ती "साफ झालं" म्हणत होती. रक्तदाबासाठी तिला लघवी वाढवणारी गोळी चालू होती. दोन्हींमुळे शरीरातलं पोटॅशियम बाहेर जात होतं. जिने चढताना पाय गळतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, हे ती वयावर ढकलत होती. रक्त तपासलं तेव्हा पोटॅशियम 2.9 निघालं. ते 3.5च्या वर हवं, आणि फार कमी झालं तर हृदयाचे ठोके बिघडतात. उत्तेजक रेचकाचा खरा धोका हा आहे. तो अति मात्रेत आणि सोबतच्या औषधांत दडलेला असतो.

गैरसमज : इसबगोल कुणालाही, कितीही, कसंही चालतं.

नेहमी घ्यायचं तर मी इसबगोलालाच पहिली पसंती देतो, पण त्याला पाणी हवं. एक-दोन चमचे भुसी पेलाभर, म्हणजे साधारण 250 मिली पाण्यात ढवळून लगेच प्यायची आणि वर आणखी पाणी. कोरडी फक्की मारली तर ती घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. दुसऱ्या औषधांत आणि भुसीत दोनेक तासांचं अंतर ठेवावं. परिणामाला दोन-तीन दिवस लागतात, सुरुवातीला पोट फुगतं, म्हणून अर्ध्या चमच्यापासून सुरू करावं. गिळायला त्रास असेल, आतडं कुठे अरुंद झालं असेल किंवा मळाचा खडा आधीच अडकलेला असेल, तर इसबगोल घेऊच नये. अडलेल्या मोरीत वरून भाताची पेज ओतण्यासारखं ते होईल.

गैरसमज : मिल्क ऑफ मॅग्नेशिया आणि पेग एकच.

दोन्ही पाणी धरतात, पण मॅग्नेशियाचं थोडं मॅग्नेशियम रक्तात जातं आणि ते मूत्रपिंडाने बाहेर टाकायचं असतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते साठत जातं. गुंगी येते, रक्तदाब घसरतो. वयस्कर माणसाने ते नेहमी घ्यायचं असेल तर आधी क्रिएटिनिन तपासावं. पेग जवळजवळ शोषलंच जात नाही. रोज 17 ग्रॅम पेलाभर पाण्यात, अशी मोठ्यांची नेहमीची मात्रा. परिणामाला एक ते तीन दिवस लागतात. सहा महिने चाललेल्या चाचण्यांतही त्याचा गुण टिकलेला दिसला. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी 2023 मध्ये त्याची ठाम शिफारस केली. बिसाकोडिलची शिफारस मात्र त्यांनी थोड्या काळासाठी किंवा अडल्यावेळी घ्यायला केली, कारण त्याच्या चाचण्या चार आठवड्यांच्या आहेत. लॅक्टुलोजही चांगलं, फक्त गॅस फार होतो.

आत्याच्या डॉक्टरांनी पोटॅशियम भरून काढलं, रक्तदाबाची गोळी बदलली आणि रोज पेग सुरू केलं. चूर्ण एकदम न सोडवता दर आठवड्याला एक चमचा कमी केलं. तिसऱ्या दिवशीही काही झालं नाही तरच बिसाकोडिलची 5 मिलिग्रॅमची एक गोळी, तीही न चावता आणि दुधासोबत नाही. नाश्त्यानंतर लगेच, पायाखाली पाट घेऊन, दहा मिनिटं बसायचं. पहिल्या आठवड्यात तिने मला चार फोन केले. तिसऱ्या आठवड्यापासून दिवसाआड, कुंथल्याशिवाय होऊ लागलं.

मात्र मळात रक्त दिसलं, वजन आपोआप घटलं, पन्नाशीनंतर सवय अचानक बदलली, किंवा पोट फुगून उलट्या होत आहेत आणि वाराही सरत नाही, असं असेल तर कोणतंही रेचक घेऊ नका. माझ्या दुकानातही येऊ नका, सरळ डॉक्टरांकडे जा.