तिमाही अहवालाचा कव्हर मेल : आठ लाख रुपये वाडीत राहतील की परत जातील?

आजचा भाग कर्जत-खालापूरमध्ये संस्थांसाठी काम करणाऱ्या मित्रमैत्रिणींनी मागितला होता. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे लेखी रूप. मेलचा नमुना खाली पूर्ण दिलाय, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा ऐकून उतरवून घ्यायची गरज नाही.

विषय तसा छोटा आहे. कंपनीच्या सीएसआर निधीतून काम चालू असतं. दर तीन महिन्यांनी आपण अहवाल पाठवतो. तीस पानं, फोटो, खर्चाचा तक्ता. त्याच्यासोबत एक मेल जातो. बहुतेकांच्या मेलमध्ये एकच ओळ असते, ‘सोबत तिमाही अहवाल जोडला आहे, कृपया पाहावा.’ मी गेली काही वर्षं हे मेल लिहितोय. माझं म्हणणं असं की अहवाल फाइलला लागतो आणि निर्णय मेलवर होतो. त्यातही ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचा, म्हणजे जानेवारीत जाणारा मेल सगळ्यात महत्त्वाचा. का, ते आधी बघू.

जानेवारीच का?

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. कंपनीचं वर्ष संपतं ३१ मार्चला. तोपर्यंत ही रक्कम पूर्ण खर्च झाली नाही, तर उरलेल्या पैशाला दोन वाटा असतात.

पहिली वाट : काम ‘ऑनगोइंग प्रोजेक्ट’, म्हणजे चालू प्रकल्प असेल, तर उरलेली रक्कम कंपनी ३० दिवसांत एका वेगळ्या बँक खात्यात ठेवते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत त्याच कामावर वापरते. दुसरी वाट : काम तसं नसेल, तर पैसे सहा महिन्यांच्या आत पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या, कायद्याच्या सातव्या अनुसूचीतल्या निधीत जातात. वाईट काहीच नाही, पण आपल्या वाडीला त्याचा उपयोग नाही.

एका वर्षासाठी मंजूर झालेलं काम योग्य कारण असेल तर चालू प्रकल्प ठरवता येतं. तो अधिकार कंपनीच्या संचालक मंडळाचा. ते ३१ मार्चच्या आत व्हायला हवं, आणि मंडळाच्या बैठकीआधी विषय सीएसआर समितीपुढे जातो. म्हणून तुमचं कारण जानेवारीतच त्यांच्या हातात पडलं पाहिजे. मार्चच्या शेवटी फोन केला तर समोरचा माणूस कितीही भला असला तरी त्याच्या हातात काही नसतं.

अजून एक. काहीजण म्हणतात, ‘पैसे तर आमच्या खात्यात आलेत, मग झाले की खर्च!’ तसं नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१च्या खुलाशात स्पष्ट केलंय की संस्थेला पैसे देणं म्हणजे खर्च नव्हे, ते कामावर वापरले गेले पाहिजेत. कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला तसं प्रमाणित करावं लागतं.

एक उदाहरण घेऊ

आकडे समजण्यासाठी घेतलेत, पण परिस्थिती आपल्या भागातली आहे. खालापूर तालुक्यातल्या पाच वाड्यांना झऱ्याचं पाणी पाइपने आणायचं काम. मंजूर रक्कम ४० लाख. डिसेंबरअखेर तीन वाड्या पूर्ण, चौथी अर्धी, पाचवी अडकलेली.

पाचवी का अडकली? पाइपलाइनचे २४० मीटर वनजमिनीतून जातात. वनहक्क कायदा २००६च्या कलम ३(२)मध्ये पिण्याच्या पाण्याच्या पाइपलाइनसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळती करता येते, पण ग्रामसभेची शिफारस लागते. एक मीटर रुंदीचा चर धरला तर आपली गरज २४० चौरस मीटर, म्हणजे हेक्टरचा चाळिसावा भागसुद्धा नाही. जमिनीची अडचण नाहीच. अडचण आहे माणसांची. ग्रामसभेला निम्म्या सदस्यांचा कोरम हवा. वाडीत ८४ प्रौढ, म्हणजे ४२ हजर पाहिजेत. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर गेलीत. घरी आहेत ३१.

ही गोष्ट मुंबईच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला कळणार कशी? अहवालाच्या २२व्या पानावर ‘स्थलांतरामुळे ग्रामसभेस विलंब’ एवढंच असेल तर त्याला ते कारण नाही, सबब वाटते. मेलमध्ये चार ओळी नीट लिहिल्या की तेच ३१ मार्चनंतर काम का सरकतंय याचं ठोस कारण होतं.

आता मेल बघा

> विषय : ऑक्टो.–डिसें. तिमाही अहवाल, ८ लाखांबाबत १० फेब्रुवारीपर्यंत निर्णय हवा
>
> नमस्कार मॅडम,
>
> तिसऱ्या तिमाहीचा अहवाल व खर्चाचा तक्ता सोबत आहे.
>
> आपल्याकडून हवा असलेला निर्णय : पाचव्या वाडीचे ८ लाख रुपये ३१ मार्चपूर्वी खर्च होणार नाहीत. दोन पर्याय आहेत.
> पर्याय १ : काम चालू प्रकल्प ठरवावे, एप्रिल-मेमध्ये पूर्ण करू.
> पर्याय २ : रक्कम याच वर्षी वनक्षेत्राबाहेरील दुसऱ्या वाडीसाठी वापरावी.
> आमची शिफारस : पर्याय १. दुसऱ्या वाडीत विहीर आहे, पाचव्या वाडीत पाण्याचा दुसरा स्रोत नाही. १० फेब्रुवारीपर्यंत कळवल्यास विषय आपल्या सीएसआर समितीपुढे वेळेत ठेवता येईल. तोपर्यंत पाचव्या वाडीसाठी कोणतीही खरेदी करणार नाही.
>
> झालेले काम : पाचपैकी तीन वाड्यांत, ११८ घरांपर्यंत पाणी पोहोचले. ४० लाखांपैकी २६ लाख खर्च झाले. चौथ्या वाडीचे ६ लाख मार्चपर्यंत खर्च होतील.
>
> जोखीम :
> १. पाचव्या वाडीत ग्रामसभेला ४२ सदस्य हवेत. स्थलांतरामुळे सध्या ३१ आहेत. भट्टीवरील कुटुंबांशी बोलून सभा होळीला ठेवली आहे. तेव्हाही कोरम न झाल्यास काम पावसाळ्यानंतर जाईल.
> २. दुसऱ्या वाडीचा झरा डिसेंबरमध्ये मिनिटाला १२ लीटर होता. ८ लीटरच्या खाली गेल्यास उन्हाळ्यात पाणी कमी पडेल. दर पंधरा दिवसांनी मोजतो. पुढील आकडे एप्रिलच्या अहवालात देऊ.
>
> कळावे,

बस, एवढंच. कंपनीत इंग्रजी चालत असेल तर इंग्रजीत लिहा, बांधणी हीच ठेवा.

निर्णय वरती का ठेवला?

आपल्याला सवय असते आधी चांगलं सांगायची, मग अडचण, आणि शेवटी हळूच मागणी. पण मेल मोबाइलवर उघडला जातो. पहिल्या स्क्रीनवर फोटो आणि कौतुक असेल तर वाचणारा म्हणतो, ‘छान चाललंय,’ आणि मेल बंद. म्हणून तारीख थेट विषयाच्या ओळीत ठेवा आणि मागणी पहिल्या परिच्छेदात.

‘योग्य ते मार्गदर्शन करावे’ हे वाक्य मात्र मेलमधून काढून टाका. त्याला काय उत्तर देणार कोणी? पर्यायांना नंबर दिले की समोरचा ‘पर्याय १, पुढे जा’ एवढं लिहून मोकळा होतो. शिवाय उत्तर आलं नाही तर आपण काय करणार, तेही लिहायचं. वरच्या मेलमधलं ‘कोणतीही खरेदी करणार नाही’ हे वाक्य दमदाटी नाही, हिशेब आहे. मंजुरी नसताना पाइप घेऊन ठेवले तर ते कोणाच्या खात्यावर टाकणार?

जोखीम म्हणजे काय लिहायचं?

‘काही अडचणी आहेत, मार्ग काढत आहोत.’ यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. जोखमीत चार गोष्टी लागतात : काय होऊ शकतं, ते कोणत्या आकड्यावरून कळेल, आपण काय करतोय, आणि पुढची तारीख कोणती.

झऱ्याचं उदाहरण घ्या. आपल्या भागात पाऊस धो धो पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. म्हणजे डिसेंबरात नळाला आलेलं पाणी ही अर्धीच बातमी. दुसऱ्या वाडीत ४० घरं, साधारण २०० माणसं. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लीटरच्या हिशेबाने रोज ११,००० लीटर लागतात. ते मिनिटाला साडेसात लीटरच्या थोडं वर जातं. म्हणून मेलमध्ये ८ हा आकडा आला. तो मोजायला बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं. ही ओळ जानेवारीतच गेली, तर मेमध्ये पाणी कमी पडल्यावर ‘आधी का नाही सांगितलं?’ हा प्रश्न येत नाही.

‘झालेलं काम’ लिहितानाही हेच. ‘१४ बैठका, ३ प्रशिक्षणं’ ही आपली धावपळ झाली. किती घरांपर्यंत पाणी गेलं, ते काम. बैठका अहवालात राहू द्या.

पाठवण्याआधी दोन गोष्टी तपासा

एक, आकडे. मेलमधले २६ लाख आणि खर्चाच्या तक्त्यातली बेरीज तंतोतंत जुळली पाहिजे. मेलमध्ये ३१ डिसेंबरपर्यंतचा आकडा आणि तक्त्यात १० जानेवारीपर्यंतचा, असं फार वेळा होतं. मग वित्त विभाग प्रश्न विचारतो, त्यात आठवडा जातो, आणि १० फेब्रुवारी निघून जाते.

दोन, तुमचा मेल पुढे पाठवला जाणार आहे. मॅडम तो कंपनी सेक्रेटरीला पाठवतील, आणि त्याने वाडी कधी पाहिलेली नसेल. म्हणून प्रकल्प माहीत नसलेल्या एखाद्या मित्राला मेल वाचायला द्या आणि विचारा, ‘आपण काय मागतोय आणि कधीपर्यंत?’ त्याला सांगता आलं नाही तर पुन्हा लिहा.

आणि एक मर्यादा लक्षात ठेवा. मॅडमचा ‘हो’ आला म्हणजे संचालक मंडळाचा ठराव झाला असं नाही. तो झाल्याचं लेखी कळवायची विनंती मार्चच्या पहिल्या आठवड्यात करा. शिवाय कंपनीने यंदाची रक्कम इतर कामांवर आधीच पूर्ण खर्च केली असेल, तर हा न खर्चलेल्या पैशाचा नियम लागू होत नाही. मग पुढच्या वर्षासाठी वेगळी मंजुरी मागावी लागते. त्यामुळे तुमचं काम कशात बसतं, हे मेल लिहिण्याआधी फोनवर विचारून घ्या.

पुढच्या भागात ग्रामसभेच्या ठरावाचा मसुदा बघू, कलम ३(२)च्या प्रस्तावाला लागतो तो. तोपर्यंत तुमच्या जुन्या मेलमध्ये ‘मार्गदर्शन करावे’ किती वेळा आलंय ते शोधा आणि कमेंटमध्ये आकडा सांगा. भेटू!