दुरुस्तीचा खर्च आणि त्यातल्या दोन राखीव रकमा

जुन्या इमारतीची मोठी दुरुस्ती काढली की सोसायटीच्या सभेत एकच आकडा मांडला जातो. वर्गणी ठरते, काम सुरू होते आणि दोन-तीन महिन्यांत जादा मागणीची नोटीस लागते. मग कंत्राटदारावर संशय, समितीवर आरोप, थकबाकी. पुष्कळदा कोणी पैसे खाल्लेले नसतात. दुरुस्तीत प्लास्टर फोडल्याशिवाय आतले नुकसान कळत नाही, आणि त्या अनिश्चिततेला मूळ आकड्यात जागाच दिलेली नसते. प्रकल्प व्यवस्थापनाच्या शास्त्रात ही जागा देण्याची नेमकी रीत आहे. एक इमारत घेऊन ती पाहू. इमारत काल्पनिक आहे आणि दर हिशेब कळावा म्हणून सोयीचे घेतले आहेत.

समजा ३५ वर्षांची, ४० सदनिकांची इमारत आहे. खर्च खालून वर मोजायचा, म्हणजे आधी कामाचे तुकडे पाडायचे, प्रत्येकाचे माप आणि दर काढायचा आणि मग बेरीज करायची. प्लास्टरचेच घ्या. बाहेरच्या भिंती २०,००० चौरस फूट. स्ट्रक्चरल ऑडिटच्या वेळी हातोडीने ठोकून पाहिले, तेव्हा सुमारे ३० टक्के भागात बद्द, पोकळ आवाज आला. म्हणजे ६,००० चौरस फूट नवे प्लास्टर. दर चौरस फुटाला जुने फोडून राबिट उचलायचे ३० रुपये, सिमेंट-वाळू आणि रसायने ६५ रुपये, मजुरी ५५ रुपये. एकूण १५० रुपये. या तुकड्याचे झाले ९ लाख.

याच रीतीने परांची ५ लाख, गंजलेल्या सळ्यांभोवतीची पॉलिमर मॉर्टरची दुरुस्ती ६ लाख, ८ कॉलमचे जॅकेटिंग ४ लाख, गच्चीचे वॉटरप्रूफिंग ८ लाख, बाहेरचे पाइप ३ लाख आणि रंग ५ लाख. बेरीज ४० लाख. ‘मागच्या सोसायटीला एवढा खर्च आला’ असा अंदाज आणि हा हिशेब यांत फरक असा की इथे आकडा चुकला तर कुठे चुकला ते दाखवता येते. माप चुकले की दर, हे बिल आल्यावर लगेच कळते.

एक पथ्य मात्र इथे पाळावेच लागते. प्रत्येक ओळीत ‘असू द्या’ म्हणून गुपचूप १०-१५ टक्के चढवायचे नाहीत. तसे केले की कोणत्या ओळीत खरे काम किती आणि भीती किती हे कोणालाच सांगता येत नाही, आणि वर राखीव रक्कम ठेवली तर तीच भीती दोनदा मोजली जाते. अनिश्चिततेचे पैसे ठेवायचेच, पण उघड आणि वेगळ्या ओळीत.

ती पहिली ओळ म्हणजे कंटिन्जन्सी रिझर्व्ह. हा पैसा आपल्याला दिसत असलेल्या जोखमींसाठी असतो. काय घडू शकते हे ठाऊक असते. घडेल का, हे ठाऊक नसते. आपल्या इमारतीत अशा चार जोखमी लिहून काढल्या. पोकळ प्लास्टर ३० ऐवजी ४५ टक्के निघाले तर ४.५ लाख जादा लागतील, शक्यता ४० टक्के. आणखी ४ कॉलम खराब निघाले तर २ लाख, शक्यता ५० टक्के. होळीला गावी गेलेले कामगार उशिरा परतले आणि परांचीचे भाडे वाढले तर १ लाख, शक्यता ४० टक्के. पाइप बदलताना घरांतले सांधे फुटले तर १.६ लाख, शक्यता ५० टक्के. प्रत्येक रकमेला तिच्या शक्यतेने गुणले की १.८, १, ०.४ आणि ०.८ लाख येतात. बेरीज ४ लाख.

या गुणाकाराची मर्यादा ओळखली पाहिजे. तो सरासरी सांगतो, आणि आपली इमारत तर एकच आहे. एकटी प्लास्टरची जोखीम खरी ठरली तरी ४.५ लाख लागतील, म्हणजे ४ लाख अपुरेच. जोखमी थोड्या आणि त्यांतली एक मोठी असेल, तर सरासरीवर थांबू नये. शक्य असेल तर टेंडरआधी आणखी भिंती ठोकून पाहाव्यात, म्हणजे जोखीमच लहान होते. इथे आपण ५ लाख ठेवू.

४० आणि ५ मिळून ४५ लाख ही झाली कॉस्ट बेसलाइन. नुसती बेरीज मात्र पुरत नाही, ती महिन्यांवर पसरावी लागते. काम दिवाळीनंतर सुरू होऊन पाच महिने चालणार असेल, तर खर्च ७, १२, १२, ९ आणि ५ लाख असा मांडता येईल. म्हणजे दुसऱ्या महिन्याअखेर १९ लाखांचे काम व्हायला हवे. तेव्हा २१ लाख खर्च झाले असतील, तर आधी प्रत्यक्ष झालेले काम मोजायचे. काम २१ लाखांचे झाले असेल तर आपण वेळेच्या पुढे आहोत. १९ लाखांचेच झाले असेल तर २ लाख जादा गेले आहेत आणि त्याचे कारण जोखमींच्या यादीत शोधायचे. यादीतली जोखीम खरी ठरली असेल, तर सल्लागार अभियंता आणि सचिव नोंद करून राखीवातून पैसे वापरू शकतात. बेसलाइन ४५ लाखच राहते.

यादीतच नसलेल्या गोष्टीसाठी दुसरी ओळ असते, मॅनेजमेंट रिझर्व्ह. समजा जिन्याजवळचे प्लास्टर काढल्यावर दिसले की फार पूर्वी कोणीतरी पाइपसाठी बीमच कापला आहे. ऑडिटमध्ये तो दिसला नव्हता, शक्यता कोणी मांडली नव्हती. दुरुस्तीला दीड लाख हवे. आपण या रिझर्व्हसाठी ३ लाख ठेवले होते. ही रक्कम कोणत्याही गुणाकारातून येत नाही. इमारतीचे वय आणि तपासणी किती खोल झाली हे पाहून अनुभवी माणसे ती ठरवतात. ती बेसलाइनच्या बाहेर असते आणि खर्च करायला वरच्या पातळीची, म्हणजे इथे सर्वसाधारण सभेची, मंजुरी लागते. मंजुरी मिळाली की बेसलाइन ४६.५ लाख होते, रिझर्व्ह दीड लाख उरतो आणि एकूण ४८ लाखांचा आकडा हलत नाही. प्रत्येक सदनिकेची वर्गणी १ लाख २० हजारच राहते.

‘आता काम चाललेच आहे तर प्रवेशद्वाराला ग्रॅनाइट लावू’ यासाठी मात्र दोन्हींपैकी एकाही रिझर्व्हला हात लावायचा नाही. ती जोखीम नव्हे, वाढवलेले काम आहे. त्याला वेगळा ठराव आणि वेगळी वर्गणी हवी. तसेच प्लास्टर संपले आणि ती जोखीम टळली, की तिचे पैसे मोकळे झाले अशी नोंद करावी. अर्धे काम बाकी असताना कंटिन्जन्सीचा बहुतेक भाग संपला असेल, तर उरलेल्या जोखमींचा हिशेब त्याच आठवड्यात नव्याने मांडावा.

आपल्या सोसायटीत दुरुस्तीचा ठराव येईल तेव्हा एका आकड्यावर हात वर करू नका. कामांची बेरीज, जोखमींच्या यादीसह कंटिन्जन्सी आणि मॅनेजमेंट रिझर्व्ह, हे तीन आकडे वेगळे मागा. दोन्ही रिझर्व्ह कोणाच्या सहीने खर्च होतील, हे ठरावातच लिहून घ्या.